पहिली कळ किती वाजता आली?

सोनोग्राफीच्या टेबलावर आडवा झालेला तेरा-चौदा वर्षांचा मुलगा पोटावर हात ठेवून सांगतो, "इथं दुखतंय." डॉक्टरांच्या कागदावरही 'पोटाची सोनोग्राफी' एवढंच लिहिलेलं असतं. यकृत, पित्ताशय, मूत्रपिंडं, अपेंडिक्सची जागा, सगळं बघून होतं आणि सगळं ठीक असतं. मुलगा मात्र गुडघे पोटाशी घेऊन, ओठ दाबून पडलेला असतो. अशा वेळी मी आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगतो, दार लावतो आणि विचारतो, "खाली, गोळीत दुखतंय का रे?" उत्तर यायला वेळ लागतो. मग भिंतीकडे बघत तो मान हलवतो. त्यानंतर माझा दुसरा प्रश्न ठरलेला असतो: पहिली कळ किती वाजता आली?

लांजा तालुक्यातले डॉक्टर, आशाताई, शाळेतले शिक्षक आणि आईवडील यांच्या हाती असावी म्हणून ही पुस्तिका तयार केली आहे. अंडकोशाच्या सोनोग्राफीत काय काय दिसतं, त्याची चित्रं आणि खुलासे पुढच्या पानांवर आहेत. प्रस्तावनेत मला मुख्यतः एकाच गोष्टीबद्दल लिहायचं आहे, ती म्हणजे वृषणाला बसणारा पीळ. अंडवृद्धीच्या रोग्याला महिने मिळतात, फुगलेल्या शिरांच्या रोग्याला वर्षंही मिळतात. पीळ बसलेल्या मुलाला काही तास मिळतात, आणि आपल्याकडे त्यांतले बरेचसे तो मुलगा घरातच, गप्प बसून घालवतो.

आधी शब्दांचं बघू. बाहेरून दिसते ती पिशवी म्हणजे अंडकोश. तिच्या आत दोन बाजूंना दोन वृषणं असतात, ज्यांना बोलताना आपण गोळ्या म्हणतो. घरात यांतला एकही शब्द उच्चारला जात नाही. 'तिकडे', 'खाली', 'जागेवर' अशा खुणांनीच बोलणं होतं. सूज दिसली तर ती सरसकट 'अंतर्गळ' नाही तर 'पाणी भरलंय'. अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य, ही म्हण ज्यांनी घडवली त्यांना हा संकोच चांगलाच ठाऊक असणार. पण म्हणीतला माणूस निदान जावयापर्यंत तरी पोचलेला आहे. आपला मुलगा आईपर्यंतही पोचत नाही, आणि बाप बहुतेक वेळा मुंबईला असतो.

तो पोटावर हात ठेवतो तेव्हा खोटं बोलत नसतो, हे मोठ्यांनी समजून घ्यायला हवं. गर्भात वृषणं तयार होतात ती पोटात, मूत्रपिंडांच्या शेजारी. तिथून ती हळूहळू खाली सरकतात आणि जन्माच्या सुमारास जांघेतल्या वाटेने पिशवीत उतरतात. जागा बदलली तरी त्यांचा रक्तपुरवठा आणि संवेदना नेणाऱ्या नसा मूळच्या ठिकाणाहूनच येतात. वृषणाची धमनी आजही थेट पोटातल्या महाधमनीतून, मूत्रपिंडांच्या धमन्यांच्या किंचित खालून निघते आणि लांबवर खाली येते. त्यामुळे खाली इजा झाली की मेंदूला ती बेंबीच्या आसपास जाणवते, मळमळतं, उलटी होते. घरच्यांना वाटतं वायगोळा उठला, किंवा रात्रीचं जेवण बाधलं.

या पुस्तिकेतले तिन्ही मुख्य आजार वृषणाच्या या खालच्या प्रवासातूनच निघतात. म्हणून ते त्याच क्रमाने घेतो.

खाली येताना वृषण पोटाच्या आतल्या अस्तराची एक घडी सोबत घेऊन येतं. पुढे त्या घडीची वरची मान मिटते आणि खालचा भाग वृषणाच्या पुढच्या आणि बाजूच्या अंगाला दुपदरी वेष्टणासारखा राहतो. या दोन पदरांमध्ये पाणी साठलं की ती अंडवृद्धी, म्हणजे हायड्रोसील. तान्ह्या बाळात मान अजून मिटलेली नसते, पोटातलं पाणी झिरपत खाली येतं, म्हणून पिशवी संध्याकाळी मोठी आणि सकाळी लहान दिसते. यातल्या बहुतेक मुलांची मान दीड-दोन वर्षांची होईपर्यंत आपोआप बंद होते, तोवर थांबायचं. त्याच वाटेने आतडं उतरत असेल तर मात्र तो अंतर्गळ, तिथे थांबायचं नाही. मोठ्या माणसात पाणी साठायला जुनी सूज, मार, काही भागांत हत्तीरोग अशी कारणं असतात, पुष्कळदा कारण सापडतही नाही. हत्तीरोगाच्या सरकारी कामामुळे 'अंडवृद्धी' हा शब्द गडचिरोली-चंद्रपूरकडे जितका सहज बोलला जातो तितका आपल्याकडे बोलला जात नाही.

सोनोग्राफीत पाणी काळं दिसतं, कारण त्यातून आवाजाच्या लहरी काहीही न परतवता आरपार जातात. त्या काळ्यात राखाडी, गुळगुळीत, एकसारख्या पोताचं वृषण बेटासारखं दिसतं. अंधारात विजेरी लावली तरी पाण्याची पिशवी उजळते, मग सोनोग्राफी कशाला, असं लोक विचारतात. पिशवी ताठ भरलेली असली की बोटांना वृषण लागतच नाही, आणि एखाद्या तरुणाच्या पाण्यामागे वृषणाची गाठ दडलेली असू शकते. बेट कसं आहे, हे बघण्यासाठी सोनोग्राफी करायची. इथेच एक इशारा लिहून ठेवतो, कारण पुढे तो लागणार आहे. पीळ बसलेल्या वृषणाभोवतीही काही तासांनी थोडं पाणी जमतं. अचानक दुखू लागलेल्या मुलाच्या रिपोर्टवर 'थोडं हायड्रोसील' असं दिसलं, तर निदान झालं असं समजू नये.

दुसरा आजार व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या वरच्या बाजूला असलेल्या शिरांच्या जाळ्याचं फुगणं. शिरांनाही तोच लांबचा रस्ता उलट्या दिशेने चढायचा असतो. उजवीकडची शीर थेट पोटातल्या मोठ्या नीलेला तिरकी मिळते. डावीकडची मात्र आणखी वर जाऊन डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. लांबी जास्त, उतार वाईट, झडपा कमजोर, म्हणून फुगवटा बहुतेक वेळा डावीकडेच असतो. हाताला शेवयांचा गुंता लागावा तसं लागतं. माणूस आडवा असताना सगळं ठीक दिसू शकतं, त्यामुळे आम्ही त्याला उभं करतो आणि श्वास रोखून पोटाला जोर द्यायला सांगतो. शिरा साधारण तीन मिलिमीटरहून रुंद असतील आणि जोर दिल्यावर रक्त उलटं खाली येताना दिसलं, तर व्हेरिकोसील म्हणायचं. शंभरातल्या पंधराएक पुरुषांना ते असतं, त्यांतल्या पुष्कळांना मुलंबाळं व्यवस्थित होतात. मूल होत नाही म्हणून तपासणीला आलेल्या पुरुषांत मात्र हे प्रमाण बरंच जास्त निघतं, आणि वीर्यतपासणीत दोष असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. फक्त उजवीकडे नव्याने फुगलेल्या, किंवा आडवं झाल्यावरही न ओसरणाऱ्या शिरा दिसल्या की मी प्रोब तसाच वर सरकवून मूत्रपिंड बघतो, कारण तिथली गाठ शिरेला दाबत असू शकते. व्हेरिकोसीलचं दुखणं संध्याकाळी जडपणा वाटण्याचं असतं. ते मुलाला मध्यरात्री झोपेतून उठवत नाही.

झोपेतून उठवतो तो पीळ.

वृषण एका दोरीला लटकलेलं असतं. त्या दोरीत धमनी, शिरा, नसा आणि वीर्यनलिका एकत्र असतात. वृषणाची मागची बाजू सहसा पिशवीच्या भिंतीला चिकटलेली असते, त्यामुळे ते हललं तरी फिरत नाही. काही मुलांत जन्मतः ते दुपदरी वेष्टण वृषणाला सगळीकडून वेढून दोरीवर चढलेलं असतं. मागचा आधारच राहत नाही आणि वृषण देवळातल्या घंटेच्या लोलकासारखं मोकळं लोंबतं, पुष्कळदा आडवं. ही रचना बहुधा दोन्ही बाजूंना असते. लहानपणी तिचा त्रास होत नाही. बारा ते अठरा या वयात वृषण भराभर वाढतं, जड होतं. दोरीभोवती एक पातळ स्नायू असतो. थंडीत किंवा झोपेत तो आखडतो आणि वृषणाला वर ओढतो. त्याचे तंतू दोरीभोवती तिरके गुंडाळलेले असतात, म्हणून ओढताना तो वृषणाला थोडं फिरवतोही. आधार असेल तर तेवढ्यावरच भागतं, नसेल तर गिरकी बसते. मार लागावा लागत नाही, जड वजन उचलावं लागत नाही.

पीळ बसला की आधी शिरा मिटतात, कारण त्यांच्या भिंती पातळ असतात. धमनीतून रक्त येत राहतं पण परत जायला वाट नसते, म्हणून वृषण सुजतं, ताठरतं. मग आतला दाब इतका वाढतो की धमनीही बंद पडते. पहिल्या कळेपासून सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर शंभरातली नव्वद किंवा अधिक वृषणं वाचतात. बारा तासांच्या आसपास निम्मी वाचली तरी नशीब. चोवीस तासांनंतर दहातलं एखादं. पीळ किती घट्ट आहे यावर हे बदलतं. दोन-तीन गिरक्या असतील तर चार तासांतही वृषण मरतं, अर्धी गिरकी असेल तर जास्त वेळ तग धरतं. बाहेरून कुणालाच गिरक्या मोजता येत नाहीत, म्हणून घड्याळ सहा तासांचंच धरायचं आणि ते पहिल्या कळेला सुरू झालं असं मानायचं. दवाखान्यात केसपेपर निघाला ती वेळ धरायची नाही.

परदेशातल्या नोंदींवरून पंचवीस वर्षांखालच्या चार हजार पुरुषांमागे वर्षाला साधारण एकाला हा त्रास होतो. लांजा तालुक्याची वस्ती सुमारे एक लाख. त्यात पंचवीसच्या आतले मुलगे-तरुण वीस हजार धरले तर वर्षाला पाचेक जण होतात. हिशेब ढोबळ आहे, पण इतका नक्की की तालुक्यातल्या प्रत्येक डॉक्टरच्या दारात असा मुलगा कधी ना कधी येऊन गेलेला असणार, ओळखला गेला असो वा नसो.

त्यांतला एक मुलगा डोळ्यांसमोर आणू. तो कुणी एक नाही, पण त्याच्या रात्रीचा प्रत्येक तास मी वेगवेगळ्या मुलांच्या तोंडून ऐकलेला आहे. प्रभानवल्लीच्या बाजूचं, सह्याद्रीच्या पायथ्याचं एक गाव. मुलगा नववीत, बाप मुंबईला, घरी आई आणि आजी. जानेवारीतली थंडी. पहाटे साडेतीनला डाव्या बाजूला कळ येऊन तो जागा झाला. मागच्या पडवीत जाऊन एकदा ओकला आणि परत येऊन गोधडीत शिरला. पाच वाजता आजी चूल पेटवायला उठली तेव्हा म्हणाला, "पोटात दुखतंय." तिने ओवा दिला, बेंबीभोवती हिंग लावला. दीड तास त्याने स्वतः घालवला होता, आणखी एक तास ओव्यात गेला. मग आईने त्याला वस्तीच्या एसटीत घातलं. लांज्यात दवाखान्यात पोचेपर्यंत आठ वाजले होते. साडेचार तास.

डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि ते मऊ लागलं तेव्हा पडदा ओढून चड्डी उतरवायला सांगितली. हे त्यांनी केलं नसतं तर गोष्ट इथेच संपली असती. डावं वृषण उजव्यापेक्षा वर, आणि आडवं. मांडीच्या आतल्या बाजूला बोट हलकेच फिरवलं की त्या बाजूचं वृषण टुणकन वर उचललं जातं. उजवीकडे उचललं गेलं, डावीकडे काहीच झालं नाही. सूज अजून फारशी नव्हती आणि वृषण दगडासारखं कडकही झालेलं नव्हतं.

या खुणांना गुण देण्याची एक पद्धत २०१३ साली मांडली गेली आणि ती खेड्यातल्या दवाखान्यात फार उपयोगी पडते. सूज असेल तर दोन, कडकपणा असेल तर दोन, बोटाची प्रतिक्रिया नसेल तर एक, मळमळ किंवा उलटी झाली असेल तर एक, वृषण वर चढलेलं असेल तर एक. एकूण सात. पाच किंवा जास्त गुण झाले तर सोनोग्राफीची वाट बघायची नाही, मुलाला थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर न्यायचं. दोन किंवा कमी असतील तर पिळाची शक्यता फार थोडी. तीन-चार गुणांच्या मुलांना सोनोग्राफीचा खरा उपयोग होतो, तीही लगेच मिळणार असेल तर. आमच्या मुलाचे तीन गुण झाले, आणि सोनोग्राफी पाच मिनिटांवर होती.

ती तशी नेहमी असत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४च्या कायद्याने प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची आणि ते चालवणाऱ्या डॉक्टरची नोंदणी लागते, आणि यंत्र नोंदलेल्या जागीच राहतं. हा कायदा हवाच आहे. पण त्यामुळे मध्यरात्री यंत्र मुलाकडे नेता येत नाही आणि दुसरा कुणी ते चालवूही शकत नाही. रात्री दोन वाजता सोनोग्राफीवाला शोधत बसण्यापेक्षा रत्नागिरीची वाट धरावी.

साडेआठला मुलगा माझ्या टेबलावर होता. पिशवीखाली घडी केलेला टॉवेल ठेवतो, जेल कोमट करून घेतो, कारण गार जेलने तोच स्नायू आखडतो. सुरुवात न दुखणाऱ्या बाजूने करायची. मुलाला धीर येतो आणि मला त्याचं स्वतःचं नॉर्मल काय ते कळतं. मग दोन्ही वृषणं एकाच चित्रात शेजारी-शेजारी घेतो. डावं किंचित मोठं होतं, पोत मात्र उजव्यासारखाच. पहिल्या चार-सहा तासांत साध्या काळ्या-पांढऱ्या चित्रात पुष्कळदा काहीच बिघडलेलं दिसत नाही. पोत खरखरीत, ठिपक्याठिपक्यांचा दिसायला लागला की समजावं, उशीर झालेला आहे.

त्यानंतर रंगीत डॉपलर. विलवडे स्टेशनात न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा ती जवळ येताना चढा आणि लांब जाताना उतरलेला ऐकू येतो, तोच नियम इथे वाहत्या रक्ताला लावलेला आहे. प्रोबकडे येणारं रक्त लाल, लांब जाणारं निळं. लाल म्हणजे धमनी आणि निळं म्हणजे शीर, असा अर्थ नाही. वृषणातला प्रवाह फार हळू असतो, म्हणून यंत्राचं स्केल खाली आणावं लागतं, फिल्टर उतरवावा लागतो, रंगाची संवेदनशीलता पडद्यावर खरखर यायच्या काठापर्यंत वाढवावी लागते. मानेच्या धमनीसाठी लावलेल्या सेटिंगवर निरोगी वृषणही कोरडं दिसेल. म्हणून आधी उजवीकडे रंग येईपर्यंत यंत्र जुळवायचं आणि मग काहीही न बदलता डावीकडे जायचं.

आमच्या मुलाच्या डाव्या वृषणात रंग होता. उजव्यापेक्षा कमी, पण होता. घाईत बघणारा इथे थांबतो, 'रक्तपुरवठा आहे, पीळ नाही, सूज असावी' असं लिहितो आणि मुलगा अँटिबायोटिक घेऊन घरी जातो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात पीळ बसलेल्या २०८ मुलांपैकी जवळपास चौथ्या हिश्श्याच्या वृषणात डॉपलरवर प्रवाह दिसला होता. अपुरा पीळ शिरा बंद करतो, धमनी चालू ठेवतो. अशा वेळी प्रवाहाचा आलेख काढला तर हृदयाच्या दोन ठोक्यांमधला, एरवी सतत वाहणारा भाग खाली गेलेला दिसतो, कधी उलटाही होतो. दुसरा चकवा याहून अवघड आहे. पीळ आपोआप सुटला तर उपाशी राहिलेल्या वृषणात रक्त धावून येतं आणि चित्र हुबेहूब जंतुसंसर्गासारखं दिसतं. जंतुसंसर्गाचं दुखणं मात्र एक-दोन दिवसांत चढत जातं, त्यासोबत ताप किंवा लघवीला जळजळ असते. पहाटे साडेतीनला, असं घड्याळ बघून ते सुरू होत नाही.

त्याच अभ्यासाने दाखवलं की वृषणापेक्षा दोरी बघावी. मी प्रोब जांघेत, दोरी बाहेर पडते तिथे ठेवतो आणि आडवा धरून हळूहळू खाली आणतो. निरोगी दोरी सरळ, समांतर नळ्यांच्या जुडीसारखी येते. आमच्या मुलात वृषणाच्या थोडं वर ती एकाएकी वळली, आणि पडद्यावर गोल, थरावर थर असलेली आकृती आली, चकलीसारखी. प्रोब वरखाली केला की चकली फिरते. त्या २०८पैकी १९९ मुलांत पीळ असाच दोरीत दिसला होता. ही खूण सापडली की वृषणात रंग आहे की नाही हा प्रश्न उरत नाही. पुस्तिकेत या आकृतीला पूर्ण पान दिलं आहे, आणि माझ्यासारखं काम करणाऱ्यांना माझी विनंती आहे की वृषणावर प्रोब ठेवण्याआधी दोरी बघून घ्या.

सात ते बारा वयाच्या मुलांत आणखी एक शक्यता बघावी लागते. वृषणाच्या वरच्या टोकाला गर्भावस्थेतला एक बारीक अवशेष चिकटलेला असतो, त्यालाही पीळ बसतो. दुखणं त्या एका टोकावर असतं, कधी कातडीतून निळसर ठिपका दिसतो, बोटाची प्रतिक्रिया शाबूत असते. विश्रांती आणि वेदनाशामक गोळीने तो आठवड्याभरात बरा होतो. पण हे निदान दोरी सरळ आहे हे डोळ्यांनी बघितल्यावरच करावं.

नऊ वाजता डॉक्टरांनी रत्नागिरीच्या सर्जनना फोन केला. या शस्त्रक्रियेला युरोलॉजिस्टच लागतो असं नाही, कुठलाही सर्जन ती करू शकतो, भूल देणारा हवा. मुलाला पाणीही द्यायचं नाही, असं आईला सांगितलं. सर्जननी फोनवरच हाताने पीळ सोडवून बघायला सांगितलं. डॉक्टर मुलाच्या पायथ्याशी उभे राहिले आणि पुस्तकाचं पान उघडावं तसं वृषण बाहेरच्या बाजूला, मांडीकडे फिरवलं. तीनातले दोन पीळ आतल्या दिशेने बसलेले असतात, ते असे सुटतात. उरलेल्या एकाला यानेच आणखी गिरकी बसते, म्हणून दुखणं वाढलं तर लगेच थांबायचं. मुलाचा चेहरा थोडा सैलावला, दोरीतली चकली लहान झाली पण गेली नाही. हाताने पीळ सुटल्यासारखा वाटला तरी शस्त्रक्रिया टळत नाही, फक्त वाटेतला वेळ थोडा कमी घातक होतो.

१०८ची गाडी सव्वानऊला निघाली. पाली, हातखंबा करत साडेदहाला रत्नागिरी, दहा पन्नासला शस्त्रक्रिया. पहिल्या कळेपासून सात तास वीस मिनिटं. पिशवीवर मधोमध छोटा छेद घेऊन वृषण बाहेर काढलं, ते जांभळट होतं. उरलेली एक गिरकी सोडवली आणि कोमट सलाइनच्या फडक्यात गुंडाळून ठेवलं. मग सगळे थांबतात. सर्जन दुसऱ्या बाजूचं वृषण शिवून घेतो, कारण तिथेही लोलक तसाच मोकळा असतो. दहा मिनिटांनी फडकं उघडलं तेव्हा जांभळट रंगात गुलाबी छटा आली होती. न विरघळणाऱ्या धाग्याने तीन टाके घालून तेही भिंतीला बांधलं. काळंच राहिलं असतं तर काढावं लागलं असतं.

वाचलेलं वृषणही पुढे आकसू शकतं, म्हणून तीन आणि सहा महिन्यांनी दोन्हींचं आकारमान मोजायला बोलावतो. ज्यांचं काढावं लागलं त्यांच्या आईवडिलांचा पहिला प्रश्न लग्नाचा असतो. उरलेलं एक निरोगी वृषण असेल तर दाढीमिशा, आवाज, संसार आणि मुलं यांसाठी ते बहुतेक वेळा पुरतं. त्या एकाला टाके घालून बांधलेलं आहे ना, याची मात्र कागद बघून खात्री करावी.

घरच्यांना फसवणाऱ्या दोन गोष्टी आहेत. काही मुलांना आधीही अशा कळा येऊन दहा-पंधरा मिनिटांत थांबलेल्या असतात. तो बसून सुटलेला पीळ असतो, पुढच्या वेळी सुटेलच असं नाही. अशा मुलाला दुखत नसतानाच सर्जनला दाखवावं. आणि पाच-सहा तासांच्या जीवघेण्या कळेनंतर दुखणं अचानक उतरलं, पण सूज तशीच राहिली, तर आराम पडला असं समजू नये. त्या वेळी बहुधा आतल्या नसा मेलेल्या असतात.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, मुलाला पुढे पाठवताना सोबत द्यायच्या चिठ्ठीचा नमुना छापला आहे. वाडीवरच्या आशाताईनेही ती लिहावी, डॉक्टरची सही लागत नाही. आमच्या मुलाची चिठ्ठी अशी झाली असती:

"वय १४. आज पहाटे ३.३० पासून डावीकडे अचानक कळ. एक उलटी. ताप नाही, लघवीला जळजळ नाही. डावी गोळी वर आणि आडवी. पीळ असावा. पहाटे ५ वाजता ओवा, त्यानंतर पोटात काही नाही. सोबत आई."

वेळ चिठ्ठीच्या पहिल्याच ओळीत लिहावी, ठळक अक्षरात.